वाऱ्याची घरघर आणि माणसाचा आवाज: फिल्टर कुठे थांबवावा, दुरुस्ती कुठून सुरू करावी

उघड्या माळावर कोणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घरी यावे आणि हेडफोन लावून ऐकावे, तर शब्दांच्या खाली एक जाड, सतत हलणारी घरघर ऐकू येते. प्रत्यक्ष तेथे बसलेले असताना ती एवढी जाणवलेली नसते. याचे कारण असे की, ही घरघर दुरून चालत आलेला ध्वनी नसते. वाहती हवा मायक्रोफोनला अडते, तिच्यात लहानमोठे भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांचा बदलता दाब थेट मायक्रोफोनच्या पडद्याला ढकलत राहतो. माणसाचा आवाज आणि वाऱ्याची घरघर यांचा उगम इतका वेगळा असूनही पडद्याला मात्र दोन्ही सारखेच वाटतात, कारण त्याला फक्त दाब कळतो.

या दाबाचे प्रमाण पाहिले की दुखण्याचे मूळ लक्षात येते. वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत असेल, तर समोर अडथळा आल्यावर तो सुमारे १५ पास्कल दाब देऊ शकतो. तोंडापासून एक वीतभर अंतरावर साधारण आवाजातल्या बोलण्याचा दाब ७० डेसिबलच्या आसपास, म्हणजे जेमतेम ०.०६ पास्कल असतो. वाऱ्याच्या दाबातला स्थिर भाग मायक्रोफोन नोंदवत नाही, तो फक्त चढउतार नोंदवतो. पण त्या १५ पास्कलांचा दहावा हिस्सा जरी हलता असला, तरी तो बोलण्याच्या दाबाच्या वीसपटीहून अधिक भरतो. शिवाय हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे घरघर सुमारे १२ डेसिबलने चढते.

तरीही असे ध्वनिमुद्रण बहुधा वाचवता येते, आणि ते कशामुळे, हेही भोवऱ्यांकडे पाहिल्यावर समजते. एक मीटर रुंदीचा भोवरा सेकंदाला ५ मीटर वेगाने मायक्रोफोनवरून गेला, तर पडद्याला सेकंदातून पाचच हेलकावे बसतात, म्हणजे वारंवारता ५ हर्ट्झ होते. दहा सेंटिमीटरचा भोवरा त्याच वेगाने गेला तर ५० हर्ट्झ, आणि एक सेंटिमीटरचा गेला तर ५०० हर्ट्झ. हवेतली बहुतेक ताकद मोठ्या भोवऱ्यांत असते आणि लहान भोवऱ्यांकडे ती झपाट्याने कमी होत जाते. त्यामुळे वाऱ्याचा आवाज तळाशी प्रचंड आणि वर जाता जाता क्षीण असा असतो. माणसाचे बोलणे मात्र पुरुषाच्या बाबतीत साधारणपणे १०० हर्ट्झच्या आसपास आणि स्त्रीच्या बाबतीत २०० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन पुढे ७–८ हजार हर्ट्झपर्यंत पसरते. तळमजला वाऱ्याचा आणि वरचे मजले बोलण्याचे, अशी ही वाटणी आहे. ती पुरेशी स्वच्छ असती, तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता.

ती स्वच्छ का नसते, तेही वरच्याच आकड्यांत दडलेले आहे. झोत आला आणि वेग ५ वरून १० मीटर झाला, की तोच दहा सेंटिमीटरचा भोवरा ५० ऐवजी १०० हर्ट्झवर ऐकू येतो. म्हणजे झोतात घरघर केवळ मोठी होत नाही, तर ती वरही सरकते. स्थिर वारा ७०–८० हर्ट्झखाली निमूट बसून राहतो, आणि झोत मात्र ३००–४०० हर्ट्झपर्यंत, वादळी असेल तर त्याच्याही वर, बोलण्याच्या मजल्यावर चढून येतो. स्थिर वारा ही सबंध ध्वनिमुद्रणभर पसरलेली गोष्ट आहे, तर झोत ही घटना आहे. तिला सुरुवात आणि शेवट असतो. पहिल्यासाठी हाय-पास फिल्टर हे योग्य हत्यार आहे आणि दुसऱ्यासाठी स्पेक्ट्रल रिपेअर. झोतांसाठी फिल्टर वापरायला गेल्यास काय होते, हे मी एकदा पुरते अनुभवले आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच तेथील वाऱ्याची कल्पना यावी. त्या पठारावर एका वयस्क गुराख्याच्या आठवणी मी १४ मिनिटे ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सदऱ्याला लावायचा छोटा मायक्रोफोन होता, त्यावर फोमची टोपी होती, केसाळ कव्हर मात्र घरी राहिले होते. फोमची टोपी मंद झुळकीला पुरते. पठारावरच्या वाऱ्यात तिचा उपयोग मर्यादित असतो. केसाळ कव्हर आपल्या केसांमध्ये वाऱ्याचा वेग मोडते आणि पडद्याभोवती हवेचा एक शांत थर राखते, म्हणून ते कोणत्याही फिल्टरपेक्षा श्रेष्ठ ठरते. पण ते बॅगेत नसेल तर श्रेष्ठतेला अर्थ उरत नाही.

घरी येऊन पहिल्यांदा ऐकले तेव्हा नऊ झोत लक्षात आले. मी चिडून फिल्टरचा आकडा वाढवत नेला. २०० हर्ट्झवर बहुतेक झोत दबले आणि मी समाधानाने फाइल जतन केली. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकताना असे वाटले, की म्हातारबुवा पठारावर माझ्यासमोर बसलेले नसून कोठून तरी फोनवर बोलत आहेत. जेमतेम दहा-बारा सेकंदांच्या झोतांसाठी मी १४ मिनिटांचा आवाज पातळ करून टाकला होता.

हाय-पास फिल्टर एका ठरावीक वारंवारतेच्या खालचे सर्व काही उत्तरोत्तर कमी करतो आणि वरचे जाऊ देतो. ध्वनिमुद्रण यंत्रांवर याच गोष्टीला लो-कट म्हटलेले आढळते. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली कटऑफ, म्हणजे उतार जेथून सुरू होतो ती वारंवारता, आणि दुसरी त्या उताराची तीव्रता, जी प्रति सप्तक इतके डेसिबल अशी मोजतात. सप्तक म्हणजे वारंवारता निम्मी किंवा दुप्पट होण्याइतके अंतर. कटऑफ ही भिंत नसते. प्रचलित बटरवर्थ प्रकारच्या फिल्टरमध्ये ऐन कटऑफवर आवाज ३ डेसिबलने कमी झालेला असतो, त्याच्या थोडे वरही किंचित घट असते, आणि खाली उतार सुरू होतो.

कटऑफ ठरवण्यासाठी आधी बोलणाऱ्याच्या आवाजाची मूळ वारंवारता पाहावी लागते. स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा उघडमीट करतात ती ही वारंवारता. तिच्या दुपटीवर, तिपटीवर, चौपटीवर तिचे उपस्वर असतात. ध्वनिमुद्रणाचा जो भाग शांत आहे, त्याच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आडवा काळ, उभी वारंवारता आणि रंगाने तीव्रता दाखवणाऱ्या चित्रात, स्वरांच्या ठिकाणी एकावर एक समांतर पट्टे दिसतात. सर्वांत खालचा पट्टा म्हणजे मूळ वारंवारता. माझ्या ध्वनिमुद्रणात तो बहुतेक वेळा ११५ हर्ट्झच्या आसपास होता आणि वाक्याच्या शेवटी १०५पर्यंत उतरत होता. स्थिर वाऱ्याची दाट पट्टी ७० हर्ट्झपाशी विरळ होत होती. म्हणून कटऑफ या दोहोंच्या मध्ये, ९० हर्ट्झवर ठेवला.

आता उतार. ९० हर्ट्झचा कटऑफ आणि प्रति सप्तक १२ डेसिबलचा उतार घेतला, तर ४५ हर्ट्झवरची घरघर सुमारे १२ डेसिबलने कमी होते आणि ११५ हर्ट्झवरचा आवाज सुमारे १.४ डेसिबलने. तोच उतार २४ डेसिबलचा केला, तर ४५ हर्ट्झवर २४ डेसिबल आणि ३० हर्ट्झवर ३८ डेसिबल इतकी घट मिळते, पण ११५ हर्ट्झवरचे नुकसान केवळ अर्ध्या डेसिबलवर येते. म्हणजे तीव्र उतार येथे वाऱ्याला अधिक आणि आवाजाला कमी कापतो. मग ४८ डेसिबलचा का घेऊ नये? कारण उतार जितका तीव्र, तितका फिल्टर कटऑफजवळ स्वतःच थोडा वेळ घुमत राहतो, आणि वाऱ्याचा प्रत्येक आघात त्याच वारंवारतेचा एक बारीकसा गुंजारव मागे सोडू लागतो. २४ हा माझ्या अनुभवात बोलण्यासाठी बहुधा पुरेसा आकडा आहे.

हे काम करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ऑडॅसिटीमध्ये `High-Pass Filter` या इफेक्टमध्ये `Frequency` आणि `Roll-off` हे दोनच रकाने भरावे लागतात. पायथॉन वापरणाऱ्यांना हीच गोष्ट चार ओळींत करता येते, आणि त्यात फिल्टर नेमका कोणता आहे हे डोळ्यांसमोर राहते:

```
from scipy.signal import butter, sosfilt
sos = butter(4, 90, btype="highpass",
             fs=48000, output="sos")
y = sosfilt(sos, x)
```

येथे `x` हे एका वाहिनीचे, सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेले ध्वनिमुद्रण आहे, आणि ४ ही फिल्टरची कोटी; प्रत्येक कोटीमागे प्रति सप्तक ६ डेसिबल मिळतात. `ffmpeg` वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यातील `highpass=f=90` हा फिल्टर मुळात १२ डेसिबलचा असतो. तो दोनदा लावला तर उतार २४चा होतो खरा, पण ऐन कटऑफवरची घटही ३ ऐवजी ६ डेसिबल होते आणि ११५ हर्ट्झवर अर्ध्याऐवजी पावणेतीन डेसिबल जातात. तसे करायचे असेल तर कटऑफ थोडा खाली घ्यावा.

कटऑफ वर नेल्याने नेमके काय हरवते, हे मराठी कानाला चटकन कळण्याजोगे आहे. २०० हर्ट्झच्या फिल्टरने मूळ वारंवारता जवळजवळ नाहीशी होते, तरीही आवाज पुरुषाचाच वाटतो, कारण वरच्या उपस्वरांमधील अंतरावरून मेंदू मूळ स्वराची उंची ताडतो. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झखालचे काहीच येत नसे, तरी वडील बोलत आहेत की आई, हे कळत होतेच. पण व्यंजनांचे तसे नाही. ग, द, ब उच्चारताना तोंड क्षणभर बंद असते आणि तेवढ्या वेळात स्वरतंतूंचा घुमारा गालांच्या भिंतींतून बाहेर झिरपत असतो. क, त, प उच्चारताना तो नसतो. हा घुमारा अगदी तळाशी असतो, म्हणजे नेमका त्याच जागेत जेथे वाऱ्याचे झोत येतात. तो गेला की दार आणि तार, गाडी आणि काडी यांतला फरक दाखवणारी एक खूण जाते. इतर खुणा शिल्लक राहतात आणि संदर्भही मदत करतो, म्हणून शब्द बहुधा कळतो. पण ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दाला थोडी मेहनत पडते. शिवाय ई आणि ऊ या स्वरांचा पहिला ठळक अनुनाद पुरुषाच्या आवाजात ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. तेथपर्यंत कात्री नेली तर हे स्वर पोकळ होतात.

याउलट स, श, च यांची घर्षणाची शक्ती काही हजार हर्ट्झवर असते आणि वारा तेथे फारसा पोहोचत नाही. ते ऐकू येत नव्हते, ते तळाच्या मोठ्या आवाजाने कानातच झाकले गेल्यामुळे. जोरकस खालचा आवाज वरच्या आवाजांना झाकतो, हा श्रवणाचा स्वभाव आहे. म्हणून योग्य जागी ठेवलेल्या फिल्टरनेही बोलणे अचानक उजळल्यासारखे वाटते. फिल्टरने त्यात काहीच घातलेले नसते, फक्त झाकण उचललेले असते.

कामाचा क्रम

फिल्टर लावण्याआधी एक तपासणी करावी लागते, आणि ती नंतर करता येत नाही. झोत इतका जोरकस असू शकतो, की मायक्रोफोन किंवा ध्वनिमुद्रण यंत्र आपली कमाल मर्यादा गाठते आणि तरंगाचे शेंडे कापले जातात. मोठे करून पाहिले असता तेथे तरंगाला सपाट माथे दिसतात. त्या सपाट काळात बोलण्याचा काहीही अंश नोंदलेला नसतो. शिवाय कापल्या गेलेल्या कडांमुळे वाऱ्याची शक्ती सबंध वारंवारता-पट्टीवर उडते आणि कर्कश चर्र असा आवाज येतो. तो ९० हर्ट्झच्या फिल्टरच्या हाती लागत नाही. यासाठी वेगळे डीक्लिप नावाचे साधन असते, जे सपाट माथे ओळखून त्यांच्या जागी आजूबाजूच्या वळणांवरून अंदाजे शेंडा बसवते. मात्र हाय-पास फिल्टर आधी लावला, तर तेच सपाट माथे तिरपे होतात आणि डीक्लिपला ते सापडेनासे होतात. म्हणून आधी डीक्लिप, मग फिल्टर. माझ्या नऊ झोतांपैकी एकात असे माथे होते, सुमारे ४० मिलिसेकंद.

स्पेक्ट्रल रिपेअर फिल्टरनंतर करावे, यालाही कारण आहे. स्पेक्ट्रोग्राम काढताना ध्वनीचे छोटे तुकडे घेऊन त्यांचे विश्लेषण होते, आणि तुकडा मर्यादित असल्यामुळे एखाद्या वारंवारतेची शक्ती शेजारच्या घरांतही थोडी सांडते. तळाशी प्रचंड घरघर असेल तर हे सांडणेही दखलपात्र होते आणि बोलण्याचे खालचे पट्टे त्या धुक्यात अंधूक दिसतात. फिल्टरने तळ साफ केला की तेच पट्टे स्पष्ट होतात. आवाजाची पातळी वाढवणे, मोठे आवाज आपोआप खाली दाबणारा कंप्रेसर लावणे ही कामे सर्वांत शेवटी करावीत. कंप्रेसर आधी लावला तर तो प्रत्येक झोताला दचकून बोलणेही खाली ओढतो. काही फोनमधली स्वयंचलित पातळी नेमके हेच मुद्रणाच्या वेळीच करून ठेवते, आणि मग झोत काढून टाकला तरी त्या जागी बोलणे दबलेलेच राहते. अशा ठिकाणी ती पातळी हाताने वर आणावी लागते.

नऊ झोत

स्पेक्ट्रल रिपेअर म्हणजे स्पेक्ट्रोग्रामवर एखादा भाग निवडून फक्त तेवढ्याच काळात आणि तेवढ्याच वारंवारतांवर काम करणे. फिल्टरला घड्याळ माहीत नसते, येथे ते हाताशी असते. आयझोटोप आरएक्समध्ये याच नावाचे साधन आहे. ऑडॅसिटीतही स्पेक्ट्रोग्राम दृश्यात काळ व वारंवारता एकत्र निवडून `Spectral edit shelves` सारख्या इफेक्टने निवडलेली पट्टी खाली आणता येते, मात्र आजूबाजूच्या ध्वनीकडे पाहून दुरुस्ती करण्याची हुशारी त्यात नाही.

दुरुस्तीच्या दोन मूळ तऱ्हा आहेत. एकीत निवडलेला भाग पुसून टाकून, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या भागांवरून तेथे काय असावे याचा अंदाज बांधून ती जागा भरली जाते. दुसरीत काहीही पुसले जात नाही. आजूबाजूच्या पातळीच्या तुलनेत जे जास्त आहे तेवढेच खाली दाबले जाते. पहिली तऱ्हा बोलण्याच्या विरामात चालते, बोलण्यावर नाही, कारण निवडलेल्या भागात एखादे व्यंजन असेल तर ते पुसले जाईल आणि शेजारच्या स्वरावरून ते परत बनवता येणार नाही. दुसरी तऱ्हा बोलण्यावर चालते, पण पूर्ण सफाईचे आश्वासन देत नाही.

९० हर्ट्झच्या फिल्टरनंतर नऊपैकी तीन झोत इतके मवाळ झाले, की त्यांना हात लावण्याची गरज राहिली नाही. तीन झोत विरामांत होते. तेथे झोत जेथपर्यंत चढला होता तेथपर्यंतची पट्टी निवडून पहिल्या तऱ्हेने भरली. विरामात झोत आहे म्हणून तेथे सरळ शांतता टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. उघड्यावरच्या ध्वनिमुद्रणात पूर्ण शांतता हे भोकासारखे ऐकू येते, कारण गवताची सळसळ, लांबचे एखादे वासरू, हे सगळे एकदम तुटते. पट्टीच्या वरचा भाग तसाच राहू दिला तर हे होत नाही.

उरलेल्या तिन्हींत बोलणे होते. त्यातला एक सपाट माथ्यांचा, त्याकडे शेवटी येतो. दुसरा एका हुंकारावर होता आणि सोपा होता. तिसरा या वाक्यात होता: «पावसाळा सरला की दावणीची गुरं पठारावर सोडायचो.» झोत ऐन «दावणीची गुरं» या दोन शब्दांवर, सुमारे ०.९ सेकंद, आणि ३५० हर्ट्झपर्यंत चढलेला. माझ्या २०० हर्ट्झच्या पहिल्या आवृत्तीत तो अर्धवट दबला होता, पण «गुरं» हा शब्द «कुरं» असा ऐकू येत होता. वर सांगितलेला ग-चा घुमारा गेला होता आणि उ-कार झोताखाली होता.

येथे आधी स्पेक्ट्रोग्रामची खिडकी, म्हणजे विश्लेषणाच्या तुकड्याची लांबी ठरवावी लागते. ५१२ नमुन्यांची खिडकी ४८,००० नमुन्यांच्या वेगाने सुमारे ११ मिलिसेकंद होते आणि तिच्यात वारंवारतेची घरे ९४ हर्ट्झ अंतरावर पडतात. ११५ हर्ट्झ अंतरावरचे उपस्वर तिच्यात एकमेकांत मिसळून जातात. ४०९६ नमुन्यांची खिडकी ८५ मिलिसेकंदांची असते आणि घरे सुमारे १२ हर्ट्झवर पडतात, त्यामुळे ११५, २३० आणि ३४५ हर्ट्झवरचे तिन्ही पट्टे अलग दिसतात. याची किंमत अशी की, ८५ मिलिसेकंदांत घडलेले सगळे एकत्र पसरून दिसते, त्यामुळे व्यंजनाचा स्फोट नेमका कोणत्या क्षणी झाला ते धूसर होते. येथे आपल्याला पट्टे हवे होते, म्हणून लांब खिडकी घेतली. स्त्रीच्या आवाजात उपस्वर एकमेकांपासून अधिक दूर असल्याने निम्म्या लांबीच्या खिडकीनेही भागते.

वाऱ्याचा आवाज पट्ट्यांमध्ये येत नाही, तो रंगाच्या डागासारखा सगळीकडे भरलेला असतो. बोलण्याच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत जे दिसते ते जवळजवळ संपूर्णपणे वाऱ्याचे असते, हेच या कामाचे सूत्र आहे. म्हणून मी संपूर्ण आयत एकदम न निवडता, आधी १४० ते २०५ आणि २५५ ते ३२० हर्ट्झ या दोन मोकळ्या पट्ट्या निवडून त्या सुमारे १५ डेसिबलने खाली आणल्या. वाक्याच्या ओघात स्वराची उंची बदलत असल्याने हे पट्टे सरळ नसून किंचित तिरपे असतात, आणि वरचा उपस्वर खालच्यापेक्षा जास्त तिरपा असतो. त्यामुळे निवड आयताकृती साधनाने न करता हाताने रेखाटून करावी लागली. त्यानंतर सबंध भाग, पट्ट्यांसह, आणखी ५ डेसिबलने खाली आणला, कारण पट्ट्यांवरही वाऱ्याची भर पडलेली होती. इतके केल्यावर ग-चा घुमारा आणि उ-कार दोन्ही परत ऐकू आले. वारा पूर्ण गेला नाही. कोणीतरी शेजारून उसासा टाकावा इतका तो राहिला, आणि पठारावर बसलेल्या माणसाच्या बोलण्यात तेवढा असायला हरकत नाही असे माझे मत आहे.

हीच गोष्ट अधिक जोराने, म्हणजे ३०–४० डेसिबल दाबून केली असती, तर ०.९ सेकंदांपुरता आवाज पातळ होऊन पुन्हा जाड झाला असता. असा अचानक बदल कानाला मूळ झोतापेक्षाही खटकतो. जास्त दाबण्याची आणखी एक खूण म्हणजे पाण्याखालून बोलल्यासारखा किंवा बारीक घंटा किणकिणल्यासारखा आवाज. विश्लेषणाच्या शेजारच्या तुकड्यांत काही घरे दाबली गेली आणि काही राहिली, की हे होते. सर्वसाधारण नॉइज रिडक्शन इफेक्ट झोतांवर वापरणाऱ्यांना हा किणकिणाट हमखास भेटतो, कारण तो इफेक्ट एका नमुन्यावरून शिकलेला गोंगाट सर्वत्र सारखाच आहे असे गृहीत धरतो. पंख्याच्या बाबतीत ते खरे असते, वाऱ्याच्या बाबतीत नसते.

काम नीट झाले की नाही, हे तपासण्याची खात्रीची रीत म्हणजे जे काढून टाकले तेच ऐकणे. दुरुस्तीपूर्वीच्या फाइलमधून दुरुस्तीनंतरची फाइल वजा करावी. काही सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळे बटणच असते. उरलेल्या आवाजात फक्त घुसमटलेली घरघर असेल तर ठीक. त्यात अक्षरे ओळखू येऊ लागली, तर आपण वाऱ्यासोबत बोलणेही उचलले आहे. ही वजाबाकी स्पेक्ट्रल दुरुस्तीला चांगली लागू पडते, फिल्टरला मात्र सरळ लागू पडत नाही. साधा हाय-पास फिल्टर कटऑफच्या आसपासच्या आवाजाला वेळेत किंचित सरकवतो, त्यामुळे वजाबाकीत बोलणे शिल्लक दिसते, जरी ते कमी झालेले नसले तरी. फिल्टर तपासायचा असेल तर वजाबाकीपेक्षा आधीचे आणि नंतरचे शांत वाक्य बोलण्याच्या समान पातळीवर आणून आलटून पालटून ऐकणे बरे. आणि हे सर्व बंद हेडफोनवर करावे. लॅपटॉपच्या स्पीकरमधून १५० हर्ट्झखालचे जवळजवळ काहीच बाहेर येत नाही, त्यामुळे त्यावर घरघर नसलेलीच वाटते, आणि ती पहिल्यांदा ऐकू येते ती दुसऱ्या कोणाच्या तरी चांगल्या स्पीकरवर.

राहिला सपाट माथ्यांचा झोत. तो एका गावाच्या नावावर आला होता. डीक्लिपने चर्र असा आवाज बराच कमी केला, फिल्टरने तळ साफ झाला, झोतातील मोकळ्या पट्ट्याही दाबल्या, पण नावाचे मधले अक्षर त्या ४० मिलिसेकंदांत नोंदलेच गेले नव्हते. म्हातारबुवांनी तेच नाव पुढे आणखी दोनदा घेतले होते, आणि तेथून ते उचलून येथे जोडणे पाच मिनिटांचे काम होते. जाहिरातीच्या मुद्रणात मी ते केले असते. आठवणींच्या नोंदीत एका क्षणी उच्चारलेला शब्द दुसऱ्या क्षणी बसवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून ते अक्षर तसेच तुटलेले ठेवले, लिखित प्रतीत त्या जागी चौकटी कंसात «वारा, गावाचे नाव पुढील उल्लेखावरून» अशी नोंद केली, आणि मूळ फाइल कोणताही फिल्टर न लावता वेगळी ठेवून दिली.